नऊच्या पाढ्यातील अंकांची बेरीज नऊच का येते?
(मण्यांच्या पाटीसोबत दिले जाणारे माहितीपत्रक)

ग्राहकांस नमस्कार.

आमच्याकडून मण्यांची पाटी घेऊन गेलेले पालक पुन्हा दुकानात आले की बहुधा नऊच्या पाढ्याविषयी विचारतात. १८, २७, ३६, ४५ अशा प्रत्येक उत्तरातील दोन अंकांची बेरीज नऊ येते, हे मुलाला शाळेत सांगितलेले असते. बोटांची युक्तीही त्याला कोणीतरी दाखवलेली असते. मात्र असे का होते, हे विचारल्यावर घरातील मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही. त्याचे उत्तर पाटीवरच दिसते, म्हणून ते येथे सविस्तर दिले आहे.

पाटीवर दहा तारा आहेत आणि प्रत्येक तारेत दहा मणी आहेत. उदाहरणासाठी ‘नऊ साते’ घेऊ. सर्व मणी उजवीकडे सरकवून घ्यावेत आणि वरच्या सात तारांवर प्रत्येकी नऊ मणी डावीकडे आणावेत. प्रत्येक तारेत एकेक मणी उजवीकडे उरेल, म्हणजे सात तारांवर मिळून सात मणी मागे राहतील. डावीकडचे मणी सत्तरला सात कमी, इतके आहेत. पण ते एकेक करून मोजण्याची गरज नाही. वरच्या सहा तारांवरील उरलेला दहावा मणीही डावीकडे आणावा आणि त्याची भरपाई म्हणून सातव्या तारेवरील नऊपैकी सहा मणी उजवीकडे परत न्यावेत. आता डावीकडे सहा तारा पूर्ण भरलेल्या दिसतात आणि सातव्या तारेवर तीन मणी दिसतात. हेच त्रेसष्ट.

येथे घडले ते इतकेच, की सात दशकांतून सात वजा करायचे असल्यामुळे एक दशक सुटा करावा लागला. म्हणून दशकांचा अंक सातापेक्षा एकने कमी झाला, आणि सुट्या केलेल्या दहांतून सात गेल्यामुळे एककाच्या जागी तीन उरले. साताच्या जागी एक ते दहांपैकी कोणतीही संख्या घेतली तरी दशक त्या संख्येपेक्षा एकने कमी असतो आणि एकक म्हणजे दहातून ती संख्या गेल्यावर उरलेला भाग असतो. या दोहोंची बेरीज करताना ती संख्या एकदा मिळवली जाते व एकदा वजा होते, आणि हाती दहा वजा एक, म्हणजे नऊच राहतात. नऊ हा दहाच्या अगदी अलीकडचा अंक आहे, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. आठचा पाढा दहाला दोन कमी असल्याने तेथे ८, १६, २४, ३२, ४० या उत्तरांतील अंकांची बेरीज ८, ७, ६, ५, ४ अशी एकेक पायरी उतरते. मुलांना हे पाहून गंमत वाटते, जरूर करून पाहावे.

बोटांची पद्धत

दोन्ही तळवे स्वतःकडे करून हात समोर धरावेत. डाव्या हाताच्या अंगठ्यापासून एक, दोन असे मोजत जावे. डावी करंगळी पाचवी, उजवी करंगळी सहावी आणि उजवा अंगठा दहावा. नऊला ज्या संख्येने गुणायचे त्या क्रमांकाचे बोट मिटावे. मिटलेल्या बोटाच्या डावीकडे जितकी बोटे उभी असतील तितके दशक, आणि उजवीकडे जितकी असतील तितके एकक. ‘नऊ साते’ करताना उजव्या हाताची अनामिका मिटते, तिच्या डावीकडे सहा बोटे राहतात आणि उजवीकडे तीन. पाटीवर जो दशक आपण सुटा केला, त्याचे काम येथे ते मिटलेले बोट करते. आणि दहांपैकी एक बोट मिटले की उभी नऊच उरणार, मग मध्ये फट कोठेही पडो.

या पद्धतीत दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक अनामिकेची. हे बोट एकटे मिटत नाही, शेजारच्या करंगळीला सोबत ओढते, त्यामुळे ‘नऊ चोक’ आणि ‘नऊ साते’ या दोन ठिकाणी मूल एक बोट कमी मोजते आणि त्रेसष्टच्या जागी त्रेपन्न सांगते. पाच आणि तीन मिळून आठच होतात, त्यामुळे ही चूक बेरजेने लगेच पकडली जाते. बोट मिटण्याऐवजी त्यावर खडूची खूण करून तिच्या दोन्ही बाजूंची बोटे मोजली, की अडचण राहत नाही.

दुसरी चूक अधिक लबाड आहे, कारण ती बेरजेला सापडत नाही. ‘नऊ त्रिक’ करताना मुलाला डावीकडे दोन आणि उजवीकडे सात बोटे बरोबर दिसतात, आणि तरीही ते वहीत ७२ लिहिते. सात आणि दोन यांची बेरीजही नऊच येते. शिवाय ७२ ही याच पाढ्यातील ‘नऊ आठे’ची संख्या असल्यामुळे ती ओळखीची आणि म्हणून बरोबर वाटते. १८ आणि ८१, ३६ आणि ६३, ४५ आणि ५४ या जोड्याही अशाच आहेत. मराठीत या घोटाळ्याला आणखी वाव मिळतो, कारण ‘सत्तावीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर, तर बोटे मात्र डावीकडून दशक आधी दाखवतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले आणि त्यावर मोठा वाद झाला, तो याच उलट्या क्रमावरून. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. आमच्या मते सत्तावीस हा शब्द ठेवूनही काम भागते, फक्त मुलाने बोटे पाहून आधी दोन्ही अंक लिहावेत आणि संख्येचे नाव नंतर घ्यावे.

हीच चूक शिकवणाऱ्याकडूनही होते. आपण मुलाच्या समोर बसून स्वतःचे तिसरे बोट मिटले, तर समोरून पाहणाऱ्या मुलाला ते डावीकडून आठवे दिसते आणि त्याच्या दृष्टीने उत्तर बहात्तर येते. म्हणून शिकवताना मुलाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसावे.

तपासणी करताना केवळ बेरीज नऊ येते का, एवढे पाहून थांबू नये. दशकाचा अंक गुणकापेक्षा एकने कमी आहे का, हेही पाहावे. ‘नऊ त्रिक’च्या उत्तराची सुरुवात दोनाने व्हायला हवी, सातने नव्हे. दोन्ही अटी जुळल्या तर दहापर्यंतचे उत्तर चुकीचे असू शकत नाही.

दहाच्या पुढे बोटे संपतात आणि बेरजेचा नियमही थोडा बदलतो. नऊ अकरा नव्व्याण्णव, आणि त्यातील अंकांची बेरीज अठरा. नऊ बारा एकशे आठ, बेरीज पुन्हा नऊ. नऊ एकवीस एकशे एकोणनव्वद, बेरीज परत अठरा. मुलाने हे दाखवून ‘नियम मोडला’ असे म्हटले, तर अठरातील एक आणि आठ यांची पुन्हा बेरीज करायला सांगावी. दहा, शंभर, हजार यांपैकी कशालाही नऊने भागले तरी बाकी एकच उरते, म्हणून कोणत्याही संख्येला नऊने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. पाढ्यातील संख्येची बाकी शून्य असल्याने तिच्या अंकांची बेरीज नऊ, अठरा, सत्तावीस अशी नऊच्या पाढ्यातच पडते. पाटीवर शंभरच मणी आहेत, त्यामुळे तिच्यावर नऊ अकरापर्यंतच जाता येते, आणि त्यातही शेवटच्या तारेवर एकच मणी उजवीकडे उरतो.