एअरोटरच्या पोटातली हवा

दात कोरताना जे यंत्र किरकिर करतं, त्याला दवाखान्यात सगळे एअरोटर म्हणतात. बोटाएवढ्या जाडीच्या या हँडपीसच्या डोक्यात एक छोटी टर्बाइन असते आणि दाबाच्या हवेवर ती मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. त्यासाठी हँडपीसच्या आत हवा येण्याची, हवा परत जाण्याची आणि पाण्याची अशा बारीक नळ्या असतात. डॉक्टर पायातलं पेडल सोडतात तेव्हा टर्बाइन लगेच थांबत नाही. हवा बंद झाल्यावर ती क्षणभर स्वतःच्या वेगाने फिरत राहते आणि त्या क्षणात डोक्यात उलटी ओढ तयार होते. दातापाशी साचलेली लाळ आणि रक्त थोडंसं आत खेचलं जातं. नव्या हँडपीसमध्ये आणि खुर्चीच्या नळ्यांमध्ये ही ओढ रोखणारे झडपवजा भाग असतात, पण ते झिजतात आणि झिजल्याचं बाहेरून कळत नाही.

म्हणून एअरोटर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढच्या पेशंटला वापरणं चूक आहे. बोळा पोचतो तो फक्त बाहेरच्या धातूपर्यंत. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो आणि नळीच्या आत तर त्याला कोणी हातही लावत नाही. औषधाच्या द्रावणात एअरोटर बुडवून ठेवणंही उपयोगाचं नाही, कारण बारीक नळीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि द्रावण आत शिरतच नाही. वर बेअरिंग गंजतात. एकच रस्ता उरतो, तो म्हणजे दाबाच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र, ऑटोक्लेव्ह. पण तिथेही खरी लढाई हवेशीच असते.

वाफ जंतू मारते ती नुसत्या तापमानाच्या जोरावर नाही. शंभर अंशांच्या एक ग्रॅम वाफेचं पाणी होतं तेव्हा सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते. थंड धातूला वाफ लागली की ती तिथेच पाणी होते आणि आपली सगळी उष्णता त्या जागी टाकते. ओलावा आणि उष्णता एकत्र आल्यामुळे जंतूंची प्रथिनं पटकन गोठतात. कोरड्या हवेला हे जमत नाही. हॉट एअर ओव्हनला 160 अंशांवर दोन तास लागतात, तेच काम वाफ 121 अंशांवर पंधरा मिनिटांत करते. आता एअरोटरच्या नळीत थोडी हवा अडकून राहिली, तर बाहेर 121 अंशांची वाफ आणि आत 121 अंशांची कोरडी हवा अशी स्थिती होते. त्या तापमानाला कोरड्या हवेने जंतू मारायला कित्येक तास लागतील. यंत्र तर वेळ झाली की शिट्टी वाजवून बंद होतं.

भरलेल्या हवेचा दुसरा घोटाळा दाबाच्या काट्यावर दिसतो, म्हणजे खरं तर दिसत नाही. कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह अजून बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. त्याचा काटा आतल्या एकूण दाबाचा असतो, वाफ किती आणि हवा किती हे त्याला कळत नाही. हवा पूर्ण बाहेर गेली असेल तर 15 पौंडांवर 121 अंश मिळतात. अर्धीच गेली असेल तर त्याच 15 पौंडांवर 112 अंश, आणि अजिबात गेली नसेल तर जेमतेम 100. म्हणून वरची तोटी उघडी ठेवून आधी फुसफुस थांबेपर्यंत, आणि मग वाफेचा सलग जोरदार झोत काही मिनिटं येईपर्यंत थांबायचं, तोटी त्यानंतर लावायची. गर्दीच्या संध्याकाळी नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आपल्या भागात यात उंचीची भर पडते. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो हे घरोघरी माहीत आहे. तोच नियम ऑटोक्लेव्हला लागू आहे. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. समुद्रकाठी बाहेरचा दाब 14.7 पौंड, साताऱ्याला सुमारे 700 मीटरवर साडेतेराच्या आसपास, आणि महाबळेश्वरला 1350 मीटरच्या आसपास तो साडेबारावर येतो. त्यामुळे महाबळेश्वरच्या दवाखान्यात काटा 15 वर असताना आतली शुद्ध वाफसुद्धा 119 अंशांखालीच असते. दोन-अडीच अंश म्हणजे काही नाही असं वाटेल. पण चिवट बीजाणूंच्या बाबतीत तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांना मारायला दहापट वेळ लागतो. त्या हिशेबाने अडीच अंशांसाठी पंधरा मिनिटांचं काम सव्वीस-सत्तावीस मिनिटांवर जातं. साताऱ्यात सव्वा पौंड आणि महाबळेश्वरला सव्वादोन पौंड दाब वाढवला की फरक भरून निघतो. मात्र यंत्राच्या सेफ्टी व्हॉल्व्हची तेवढी मुभा असली पाहिजे, नसेल तर वेळ वाढवावी. ज्या यंत्रात तापमान थेट मोजलं जातं तिथे हा प्रश्न येत नाही.

आता एअरोटरकडे परत येऊ. साध्या यंत्रात वाफ भरत जाते आणि हवेला नुसती ढकलून बाहेर काढते. सपाट चिमटे, आरसे, प्रोब यांच्यासाठी ते ठीक आहे. पोकळ आणि एका टोकाला अरुंद असलेल्या नळीतून मात्र हवा ढकलून निघत नाही, ती ओढूनच काढावी लागते. बी वर्गाच्या ऑटोक्लेव्हमध्ये पंप आधी हवा ओढतो, मग वाफ सोडतो, पुन्हा ओढतो, असं बहुतेक तीन वेळा करतो. त्यानंतर 134 अंशांवर साडेतीन-चार मिनिटं पुरतात. हवा खरोखर निघते का हे पाहायला हेलिक्स चाचणी असते. दीड मीटर लांब आणि दोन मिलिमीटर पोकळीच्या गुंडाळलेल्या नळीच्या बंद टोकाशी रंग बदलणारी पट्टी ठेवतात. वाफ इतक्या आत गेली तरच पट्टीचा रंग पूर्ण बदलतो. अर्धवट बदलला तर पंप, दाराचं रबर किंवा एखादी गळती शोधायची आणि तोवर त्या यंत्रात एअरोटर घालायचा नाही.

ऑटोक्लेव्हच्या आधीचं काम मात्र माणसाचंच. पेशंट उठायच्या आधी एअरोटर सक्शनमध्ये धरून 20 ते 30 सेकंद पाणी आणि हवा चालवायची, म्हणजे आत खेचलेलं बाहेर पडतं. मग बर, म्हणजे दात कोरणारं पुढचं टोक, काढायचा आणि ओल्या कापडाने बाहेरून पुसायचं. एअरोटर अल्ट्रासोनिक टाकीत टाकायचा नाही. टाकीचं काम बाकीच्या हत्यारांसाठी. मग हवेच्या छिद्रातून तेलाचा स्प्रे मारायचा आणि डोक्यातून येणारं तेल स्वच्छ होईपर्यंत थांबायचं. पहिल्या फवाऱ्याला तपकिरी तेल आलं तर आतली घाण अजून निघते आहे असं समजावं. शेवटी जास्तीचं तेल हवेने उडवून लावायचं, कारण तेलाचा थरही वाफेला अडवतो. वाळलेल्या रक्ताचं तसंच. हत्याराच्या सांध्यात तपकिरी कडा दिसली तर ते पाऊचमध्ये घालू नये, पुन्हा धुवावं.

पाऊच एका बाजूला कागदाचा, दुसऱ्या बाजूला पारदर्शक असतो. वाफ कागदातूनच आत-बाहेर करते. पाऊच एकावर एक रचले की कागद प्लॅस्टिकखाली दबतो. ते उभे लावावेत, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लॅस्टिकसमोर, मध्ये बोट जाईल एवढी जागा सोडून. दार उघडल्यावर पाऊचच्या आत दवाचे थेंब दिसले किंवा कागद मऊ लागला, तर तो पाऊच निर्जंतुक धरायचा नाही. ओला कागद ट्रेवरचे आणि हातावरचे जंतू आत शोषून घेतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं, पुढचा पेशंट वाट पाहतोय म्हणून सुकवण्याचा टप्पा मध्येच तोडलेला असतो. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे जंतू मेले असंही नाही. ती खूण फक्त हा पाऊच उष्णतेतून गेला एवढंच सांगते. खरी परीक्षा बीजाणूंची. आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूच्या बीजाणूंची कुपी हत्यारांसोबत आत ठेवायची आणि मग ती 55 ते 60 अंशांवर उबवायची. तिच्याबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी कुपीही उबवायची. बीजाणू जिवंत असले की कुपीचा रंग बदलतो. दुसरीचा रंग बदलला आणि पहिलीचा नाही, तरच यंत्राने जंतू मारले असं धरायचं.

लाइट गेली तर? 134 अंशांवर तीन मिनिटं झाली असताना वीज गेली, तर उरलेलं एक मिनिट नंतर पुरं करून चालत नाही. तापमान उतरलेलं असतं, आत हवा शिरलेली असू शकते. सायकल पहिल्यापासून लावायची. पाणी डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्तच घालायचं. सांगलीकडे बोअरचं क्षारयुक्त पाणी घातलं, तर थोड्याच दिवसांत हीटरवर आणि हत्यारांवर पांढरे डाग चढतात आणि झडपा नीट बसत नाहीत.

या सगळ्यात पायऱ्या गाळल्या जातात त्या निष्काळजीपणापेक्षा हिशेब चुकल्यामुळे, असं आमचं मत आहे. सांगलीतला एक खुर्चीचा दवाखाना धरा, अर्ध्या तासाला एक पेशंट. एअरोटर धुऊन, तेल घालून, पाऊच बंद करायला वीस मिनिटं. सुकवण्यासह सायकल पाऊण तास ते पन्नास मिनिटं. थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे एक एअरोटर परत हातात यायला दीड तास, आणि तेवढ्यात तीन पेशंट होऊन जातात. ऑटोक्लेव्ह एकेका एअरोटरसाठी लावत नाहीत, दोन-तीन साठल्यावर लावतात, तो थांबा धरला की पाच-सहा एअरोटर लागतात. दोनच असतील तर तिसऱ्याच पेशंटला पुन्हा बोळ्यावर यावं लागतं.

खुर्ची, दिव्याची मूठ, बटणं आणि नळ्या यांना वाफ लावता येत नाही, म्हणून तिथे नियम वेगळा. हातमोजे घालून ज्याला हात लागतो तिथे पातळ प्लॅस्टिकचं आवरण लावायचं आणि प्रत्येक पेशंटनंतर ते काढून टाकायचं. उघड्या जागा दोनदा पुसायच्या, पहिल्यांदा घाण काढायला, दुसऱ्यांदा जंतू मारायला. दुसऱ्या पुसण्यानंतर जागा लेबलवर दिलेल्या वेळेपर्यंत ओली राहिली पाहिजे. मे महिन्यात सांगलीत पंख्याखाली स्पिरिट मिनिटभरही टिकत नाही, शिवाय ते रक्त धुऊन काढण्याऐवजी जागेवर घट्ट बसवतं. जमिनीवर किंवा थुंकपात्रावर रक्त सांडलं तर एक टक्का हायपोक्लोराइट दहा मिनिटं ठेवावं. पाच टक्क्यांच्या बाटलीतलं 200 मिली घेऊन त्यात 800 मिली पाणी घालावं. हे द्रावण रोज नवं करायचं, कारण ऊन आणि उष्णतेने त्यातला क्लोरीन उडून जातो. धातूला ते गंज आणतं, म्हणून लागलंच तर पाण्याने पुसून घ्यावं. खुर्चीच्या रेक्झिनला जिथे चीर गेली आहे तिथे मात्र कुठलंच द्रावण पुरत नाही, ते स्पंजात मुरतं आणि जंतूही तिथेच मुरतात. ते रेक्झिन बदलून घ्यावं, आणि बदलेपर्यंत त्या जागी प्रत्येक पेशंटला नवं आवरण लावावं.