डायलिसिस रुग्णांची मुखनिगा

मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या दात-हिरड्यांची निगा व दंतोपचार. बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर या सीमाभागातील मराठी भाषकांत मिश्री लावण्याची सवय अजून आढळते. तिच्यामुळे हिरड्या मागे सरकतात, आणि लाळेतील युरिया वाढल्याने दातांवर कीटणही लवकर साचते. त्यामुळे येथील रुग्णांत हलणारा दात काढण्याचा प्रसंग वरचेवर येतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच प्रसंगाविषयी आहे.

रक्तस्राव : या रुग्णांत प्लेटलेटची संख्या बहुधा पुरेशी असते, पण रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे त्या जखमेच्या कडेला नीट चिकटत नाहीत. रक्तक्षयाने त्यात भर पडते. तांबड्या पेशी भरपूर असल्या की प्लेटलेट रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलल्या जातात, त्या कमी झाल्या की हा रेटाही कमी होतो. म्हणून प्लेटलेटची संख्या व रक्त गोठण्यास लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर ठीक असल्याचा अहवाल पाहून निर्धास्त होता येत नाही. बोटाला टोचून रक्तस्रावाचा काळ मोजण्याची जुनी चाचणी शस्त्रक्रियेत किती रक्त जाईल हे सांगण्यास अपुरी ठरल्याने मागे पडली आहे.

उपचाराची वेळ : डायलिसिसच्या वेळी रक्त यंत्रात गोठू नये म्हणून हेपारिन देतात. शरीरातील त्याचे प्रमाण सुमारे एक ते दीड तासात निम्मे होते व चार ते सहा तासांत परिणाम बहुतांशी ओसरतो. दुसऱ्या दिवशी हेपारिन उरलेले नसते आणि विषारी द्रव्येही नुकतीच उतरलेली असतात, म्हणून दात काढण्यास तो दिवस सर्वांत योग्य मानतात.

निपाणीच्या एखाद्या रुग्णाचे डायलिसिस बेळगावात सोमवारी व गुरुवारी होते असे समजू. एकाच फेरीत दोन्ही कामे उरकावीत, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण सोमवारी डायलिसिसनंतर दाढ काढली तर हेपारिनचा अंमल शिल्लक असू शकतो. गुरुवारी डायलिसिसपूर्वी काढली तर विषारी द्रव्ये पुन्हा चढलेली असतात, शिवाय ताज्या जखमेवर काही तासांतच हेपारिन येते. मंगळवारी सकाळची वेळ योग्य. रक्त वाहू लागलेच तर ते दिवसाउजेडी लक्षात येते.

दाढ काढल्यावर खाचेत जिलेटिन स्पंज बसवून टाके घालतात आणि गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रानेक्सामिक आम्लात भिजवलेला गॉज अर्धा तास घट्ट चावून धरायला सांगतात. लाळ गुलाबी दिसणे पहिल्या दिवशी अपेक्षित आहे. तोंड पुन्हापुन्हा रक्ताने भरत असेल, किंवा खाचेवर काळपट, लिबलिबीत गुठळी फुगून आली असेल, तर रक्त आत चालूच आहे असे समजावे. अर्धा तास पुन्हा दाबूनही ते न थांबल्यास रुग्णालय गाठावे. तेथे प्लेटलेट चिकटण्यास मदत करणारे डेस्मोप्रेसिन देता येते. त्याचा परिणाम तासाभरात सुरू होतो, पण काही तासच टिकतो. त्याच आठवड्यातील गुरुवारी हेपारिन टाळावे किंवा कमी करावे, यासाठी डायलिसिस कक्षाला दाढ काढल्याचे आधी कळवणे आवश्यक असते. पहिल्या दिवशी चुळा भरू नयेत. मिश्रीचे बोट जखमेपासून दूरच ठेवावे, कारण त्या घासण्याने गुठळी निसटते. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, डायक्लोफेनॅक व आयबुप्रोफेन टाळतात. डायलिसिससाठी धमनी व शीर जोडून केलेला मार्ग म्हणजे फिस्टुला, रक्तदाब तो नसलेल्या हातावर मोजतात.

जंतुसंसर्ग : दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक द्यावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. ही प्रथा हृदयाच्या झडपांच्या रुग्णांवरून आलेली दिसते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यांच्यासाठी पहिली शिफारस १९५५ मध्ये केली. डायलिसिससाठी हातातील नैसर्गिक फिस्टुला १९६६ पासून रूढ झाला. दात काढताना रक्तात शिरलेले जंतू तेथेही रुजतील, ही भीती पुढे त्यालाही लागू केली गेली असावी. त्याच संस्थेने २००३ मध्ये फिस्टुलासाठी व त्याऐवजी बसवलेल्या कृत्रिम नळीसाठी, म्हणजे ग्राफ्टसाठी, असे प्रतिजैविक सरसकट देऊ नये असे मत मांडले, आणि २००७ मध्ये झडपांबाबतची यादीही आखूड केली. ग्राफ्ट किंवा मानेतील कॅथेटर असलेल्यांना तासभर आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन द्यावे, असे काही तज्ज्ञ अजूनही मानतात. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. या मार्गांतील संसर्ग बहुतेक वेळा त्वचेवरील स्टॅफिलोकोकसमुळे होतो, तोंडातील जंतूंमुळे क्वचित. शिवाय सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रोजच्या ब्रश करण्यानेही रक्तात जातात, त्यावर एका मात्रेचा उपाय नाही. कृत्रिम झडप असलेल्यांना मात्र ते द्यावेच लागते. हिपॅटायटिस बी व सी यांचे अहवालही दंतवैद्याने पाहणे इष्ट.

पोटातून डायलिसिस करणाऱ्यांच्या रक्तात सहसा हेपारिन जात नाही. त्यामुळे त्यांच्या बाबतीत वार पाहण्याची गरज नसते. प्लेटलेटचा दोष मात्र त्यांच्यातही राहतो.