प्रकल्पासाठी आमदारांची मुलाखत: विनंतीपत्र कसं द्यायचं

मुलाखतीसाठी ठरलेला सरकारी फॉर्म नाही, फीही नाही. आमदारांच्या संपर्क कार्यालयात साधं पत्र द्यायचं असतं. अडतं ते दोन ठिकाणी, आमदार चुकीचा निवडला जातो किंवा प्रश्न त्यांच्या कामाचे नसतात.

समजा, मुलगी राहते सिडकोत आणि तिची शाळा नाशिक मध्य मतदारसंघात आहे. प्रकल्प 'माझा मतदारसंघ' असेल तर घराचा पत्ता धरावा, म्हणजे नाशिक पश्चिम. शहर नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली असं वाटलं गेलंय, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. आई-वडिलांच्या मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक voters.eci.gov.in वर टाकला की मतदारसंघ दिसतो.

आता प्रश्न. 'आमच्या गल्लीतले खड्डे कधी बुजणार?' असं लिहिलंत तर उत्तर ठरलेलं, 'ते महापालिकेचं.' आणि ते बरोबरच असतं. त्याऐवजी स्थानिक विकास निधीबद्दल विचारा. या निधीतून आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते आणि काम एखादी सरकारी यंत्रणा करते. एकच काम निवडून ते का सुचवलं, कुठे रखडलं, हे विचारलं तर बोलणं रंगतं. चार-पाच प्रश्न पुरेत.

पत्र असं:

प्रति,
मा. आमदार,
नाशिक पश्चिम विधानसभा मतदारसंघ

विषय: शालेय प्रकल्पासाठी मुलाखतीची वेळ मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,
मी इयत्ता नववीत शिकते आणि सिडकोत राहते. नागरिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी आपल्या विकास निधीतील एका कामाबद्दल वीस मिनिटं बोलायचं आहे. सोबत वर्गशिक्षिका असतील. परवानगी असल्यासच आवाज रेकॉर्ड करू. प्रश्न सोबत जोडले आहेत. प्रकल्प महिनाअखेरीस द्यायचा आहे, त्याआधीचा कोणताही शनिवार चालेल.
आपली विश्वासू,
(नाव, शाळा)

सोबत शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांचं सही-शिक्क्याचं पत्र, बोनाफाईडची झेरॉक्स आणि प्रश्नांचा कागद जोडा. पत्रावर मोबाइल नंबर पालकांचा किंवा शिक्षकांचा द्या, मुलीचा नको. वयाची अट नाही, मतदार असण्याचीही नाही.

दोन प्रती न्या. एक कार्यालयात राहील, दुसरीवर तारखेसह 'मिळाले' असा शिक्का घ्या. त्याच वेळी स्वीय सहायकांचा नंबर मागा. वेळापत्रक त्यांच्याच हाती असतं, निव्वळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं पत्र तिथे सहज दबतं. आठवडाभरात निरोप आला नाही तर शिक्क्याची तारीख सांगून फोन करा.

अधिवेशनाच्या तारखा आधी बघून घ्या. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन सहसा मुंबईत, हिवाळी नागपुरात, म्हणजे तेव्हा नाशिकला भेट जवळपास अशक्य. शाळेची मुदत डिसेंबरात असेल तर पत्र दिवाळीच्या सुट्टीआधीच द्या. तरीही वेळ जुळली नाही तर प्रश्नांची लेखी उत्तरं मागायची सोय त्याच पत्रात एका ओळीने करून ठेवा.