गरोदरपणातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व

गर्भाच्या हाडांसाठी आईच्या शरीरातून साधारण 25 ते 30 ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. या काळात आईचे आतडे अन्नातले कॅल्शियम एरवीपेक्षा जवळजवळ दुप्पट शोषते, त्यामुळे गरज वाटते तितकी वाढत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 600 युनिट ड जीवनसत्त्व लागते.

आता ताटाचा हिशेब मांडू. दिवसभराच्या चहात मिळून 100 मिलिलिटर दूध गेले, तर 120 मिलिग्रॅम. दुपारी वाटीभर दही, म्हणजे साधारण 180. 50 ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी, तेवढेच. चमचाभर तिळाची चटणी, सुमारे 60. वरण, पोळी, भाजीचे शंभरेक धरले तरी बेरीज 640च्या आसपास येते. त्यातही तीळ-नाचणीतले सगळे अंगी लागत नाही. पालकातले तर ऑक्झॅलेटमुळे फारच थोडे लागते. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा. ज्या घरात दही आणि नाचणी दोन्ही नाहीत, तिथे आकडा 300च्या खाली जातो.

ही तूट भरायला सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या देतात. प्रत्येकीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट ड जीवनसत्त्व असते. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांमध्ये या पूरकाने गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचा धोकाही घटतो. वेष्टनावर ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम’ असे दिसले तर घाबरू नये: त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500च असते.

दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर शोषण घटते. एक सकाळच्या आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी, कारण कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते. लोहाची गोळी मात्र दोन तासांच्या अंतराने. ‘एकदाच घेऊन टाकते’ म्हणून तिन्ही गोळ्या एका घोटात गिळल्या, तर लोह नीट शोषले जात नाही.

ड जीवनसत्त्वाचे गणित ताटात सुटत नाही. बांगडा, तारली आणि अंड्याच्या बलकात ते असते. शाकाहारी घरात पोषणवर्धित दूध हाच काय तो आधार. उन्हातून ते मिळते, पण कोवळ्या उन्हात लागणारे किरण फार कमी असतात आणि बंद काचेतून ते येतच नाहीत. ऊन अंगावर न घेणाऱ्या, किंवा पिंढऱ्या-मांड्या दुखून जिना चढणे जड जाणाऱ्या स्त्रीची रक्ततपासणी करतात. पातळी 20 नॅनोग्रॅमखाली असेल तर डॉक्टर पूरक मात्रा ठरवतात. 60,000 युनिटांची पुडी आठवड्याला एक सांगितली असताना रोज घेतली गेली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ आणि सारखी तहान लागते. मूतखडा झालेल्या स्त्रीने कॅल्शियम सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावे.