जवळचा स्टॉपलॉस, मोठी पोझिशन

बहुतेक जण आधी ठरवतात की शंभर शेअर घ्यायचे, मग नुकसान झेपेल इतक्या अंतरावर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन शेअर विकायचा भाव, लावतात. गणित नेमकं उलट दिशेने करायचं असतं. स्टॉपलॉस कुठे हवा हे चार्टवरून ठरतं: भाव कुठवर घसरला की आपला अंदाज चुकला असं म्हणायचं, ती जागा. किती शेअर घ्यायचे हे त्यानंतर भागाकारातून निघतं.

खात्यात २,००,००० आहेत असं धरू. चलन कुठलंही असो. एका ट्रेडमध्ये १ टक्क्याहून जास्त गमवायचं नाही, म्हणजे जोखीम २,०००. शेअर ४१२ ला मिळतोय आणि अलीकडचा तळ ३९६ च्या किंचित वर आहे, म्हणून स्टॉपलॉस ३९६ ला. दोन्ही भावांतलं अंतर १६. आता २,००० ला १६ ने भागा: १२५ शेअर. किंमत झाली ५१,५००, भांडवलाच्या साधारण चौथा हिस्सा. भागाकार अपूर्णांकात आला तर खालचा पूर्ण आकडा घ्यायचा, वरचा नाही.

इथे दोन आकड्यांची गल्लत होते. ५१,५०० ही गुंतवलेली रक्कम, २,००० ही जोखीम. ‘एक टक्का’ हा दुसऱ्या आकड्यासाठी आहे. एका शेअरमध्ये भांडवलाचा एकच टक्का टाकायचा, असा अर्थ काढून चारच शेअर घेणारे मी पाहिलेत!

पुढच्या ट्रेडला १ टक्का काढायचा तो उरलेल्या भांडवलावर. हा ट्रेड तोट्यात गेला तर १,९८,००० उरतात आणि पुढची जोखीम १,९८० होते. ओळीने दहा तोटे झाले तरी साधारण १,८०,९०० शिल्लक राहतात. जोखीम ५ टक्के असती तर जवळपास १,१९,७०० उरले असते, आणि मूळ रकमेवर परतायला ६७ टक्के कमवावे लागले असते.

आता याच सूत्राचा एक बोचरा भाग. समजा, कुणी म्हणालं, इतका लांब स्टॉपलॉस कशाला, ४०८ ला लावू. अंतर ४ झालं. २,००० भागिले ४, म्हणजे ५०० शेअर. त्यांची किंमत २,०६,०००, म्हणजे खात्यात आहे त्याहून जास्त. मग जमतील तेवढेच, ४८५ शेअर घेतले. कागदावर तोटा आता १,९४०, पहिल्या उदाहरणापेक्षाही कमी दिसतो. पण सगळं भांडवल एकाच शेअरमध्ये अडकलंय.

रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी बाजार उघडताना भाव थेट ३८० झाला, तर? स्टॉपलॉस ऑर्डर म्हणजे त्या भावाची हमी नव्हे. भाव तिथे पोहोचला की ती सहसा साधी बाजारभावाची विक्री होते, आणि मिळेल त्या भावाला माल जातो. दोघांनाही शेअरमागे ३२ चा फटका. १२५ शेअरवाल्याचे ४,००० गेले, म्हणजे २ टक्के. ४८५ वाल्याचे १५,५२०, म्हणजे जवळपास ८ टक्के. आदल्या रात्री दोघेही ‘एक टक्का जोखीम’ म्हणूनच झोपले होते.

म्हणून भागाकाराच्या जोडीला मी आणखी एक मर्यादा ठेवतो: एका शेअरमध्ये भांडवलाचा ठरावीक हिस्साच, उदाहरणार्थ २५ टक्के. दोन उत्तरांपैकी लहान ते घ्यायचं. पहिल्या उदाहरणात ही मर्यादा ५०,००० होते, म्हणजे १२१ शेअर. फारसा फरक नाही. दुसऱ्यात मात्र ४८५ वरून थेट १२१. (एकाच क्षेत्रातले पाच शेअर घेतले तर ते एकत्र पडतात, आणि पाच वेगळे एक टक्के हा एकच पाच टक्क्यांचा ट्रेड होतो. तो वेगळा विषय.)

आपलं अंतर खरं होतं का, हे वहीतून कळतं. प्रत्येक तोट्याच्या ट्रेडला खर्चासकट प्रत्यक्ष तोटा भागिले ठरवलेली जोखीम, एवढं लिहायचं. उत्तर १ च्या आसपास असेल तर ठीक. माझं एकदा तीसेक तोट्यांनंतर सरासरी १.३ निघालं. थोडं ब्रोकरेज, थोडं स्लिपेज, म्हणजे ठरवल्यापेक्षा कमी भावाला झालेली विक्री, आणि दोनदा मी स्वतःच ‘अजून जरा थांबू’ म्हणत स्टॉपलॉस खाली सरकवला होता. सरकवणं बंद केलं. उरलेला खर्च कमी होईपर्यंत मी अंतरालाच १.३ ने गुणायला लागलो: १६ च्या जागी २०.८, आणि १२५ च्या जागी ९६ शेअर.