‘एक स्क्रिप्ट हवी आहे’: न सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टींची पार्श्वभूमी

‘एका फोल्डरमधल्या फाइल्सच्या नावांआधी त्यांची तारीख लावावी लागते, काम फार कंटाळवाणे आहे, यासाठी एखादी स्क्रिप्ट मिळेल का?’ अशा विनंतीत तीन गोष्टी बहुधा नसतात: संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, फाइल्स कोणत्या प्रकारच्या आहेत आणि हे काम आज हाताने नेमके कोणत्या क्रमाने केले जाते. विचारणाऱ्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवणे सोपे आहे, परंतु संगणकांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की यातल्या बहुतेक गोष्टी एके काळी सांगितल्याशिवाय काम पुढे सरकतच नसे, आणि पुढे यंत्रणांनी त्या एकेक करून वापरणाऱ्याच्या नजरेआड केल्या.

आयबीएमने 1964 मध्ये सिस्टीम/360 या संगणकमालिकेची घोषणा केली. तिच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टीमवर एखादे काम चालवायचे असेल, तर त्यासोबत जेसीएल या नियंत्रणभाषेतली कार्डे द्यावी लागत. नवी फाइल तयार करायची असेल, तर तिचे वर्णन साधारणपणे असे लिहिले जाई:

```
//NEWFILE  DD DSN=NEW.DATA,DISP=(NEW,CATLG),UNIT=SYSDA,
//            SPACE=(TRK,(5,1)),
//            DCB=(RECFM=FB,LRECL=80,BLKSIZE=800)
```

फाइलचे नाव, ती नवी आहे की जुनी, काम संपल्यावर तिची नोंद ठेवायची की नाही, कोणत्या साधनावर किती जागा राखायची, प्रत्येक नोंद किती अक्षरांची आणि अशा किती नोंदींचा एक गठ्ठा, हे सगळे त्यात येते. इथली 80 ही लांबी म्हणजे छिद्रकार्डाची रुंदी. जेसीएल ही भाषा त्रासदायक होती यावर ती वापरणाऱ्यांचे सहसा दुमत नसे. ओएस/360 च्या विकासाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनीही पुढे तिच्यावर कडक टीका केली. मात्र तिचा एक परिणाम असा होता की काम मागणाऱ्याला फाइलचा प्रकार आणि कामाच्या पायऱ्या कागदावर आणाव्याच लागत, आणि यंत्र कोणते हा प्रश्न तर उद्भवतच नसे.

याच काळात एमआयटीमधल्या सीटीएसएस या प्रणालीवर लुई पुझाँ यांनी रनकॉम नावाचा प्रोग्रॅम लिहिला. फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा तो एकामागून एक चालवत असे. आजच्या स्क्रिप्टचे हे अगदी जवळचे पूर्वरूप आहे. वापरणारा जे काही टर्मिनलवर टंकत होता तेच त्याने फाइलमध्ये उतरवायचे होते, म्हणून हाताने करायचे काम आणि त्याची स्क्रिप्ट यांत फारसे अंतर नव्हते.

1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या युनिक्सने फाइलचे वर्णन मागणेच बंद केले. युनिक्सच्या दृष्टीने फाइल म्हणजे केवळ बाइट्सची रांग असते; तिच्यात नोंदी आहेत की चित्र, हे ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ओळखायचे. ही मोठी सुटका होती, पण तिच्यामुळे फाइलचा प्रकार ही माहिती प्रणालीच्या हातून निसटून माणसाच्या स्मरणात आणि नावाच्या शेवटच्या दोनचार अक्षरांत जाऊन बसली.

ऑपरेटिंग सिस्टीम सांगणे का महत्त्वाचे आहे, हे समजून घेण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे आणि ते फाइल्सची नावे बदलण्याचेच आहे. अनेक फाइल्स एकदम दर्शवण्यासाठी तारांकन वापरतात. सुरुवातीच्या युनिक्समध्ये या तारांकनाचा अर्थ लावण्यासाठी `glob` नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. 1979 च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्हन बोर्न यांचा शेल, म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आला तेव्हा हे काम शेलच्या आतच होऊ लागले. दोन्ही पद्धतींत एक तत्त्व कायम राहिले: आधी तारांकनाच्या जागी प्रत्यक्ष नावांची यादी भरली जाते, आणि मगच ती यादी आज्ञेच्या हाती पडते. आज्ञेला मूळ तारांकन दिसत नाही.

डॉसचा वारसा वेगळा आहे. टिम पॅटरसन यांनी 1980 मध्ये लिहिलेली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने घेतलेली प्रणाली सीपी/एम या त्याआधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या धर्तीवर होती, आणि तिच्यात तारांकन जसेच्या तसे आज्ञेपर्यंत पोहोचत असे. त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी आज्ञेची होती. म्हणून डॉसमध्ये, आणि आजही विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, सगळ्या `.txt` फाइल्सच्या नावांचा शेवट `.bak` करणारी पुढची ओळ चालते:

```
ren *.txt *.bak
```

हीच कल्पना युनिक्सवर `mv *.txt *.bak` अशी लिहिली तर काय होते, ते फोल्डरमध्ये काय आहे यावर अवलंबून असते. समजा `a.txt` आणि `b.txt` या दोनच फाइल्स आहेत. तारांकित `*.bak` शी जुळणारे काहीच नसल्यामुळे बोर्नच्या परंपरेतले शेल ते तसेच ठेवतात, `mv` ला तीन नावे मिळतात, आणि शेवटचे नाव फोल्डरचे नाही अशी तक्रार करून ती थांबते. हा सुदैवी प्रसंग झाला. एकच `a.txt` असेल, तर तिचे नाव खरोखरच `*.bak` होऊन बसते. आणि `a.txt` सोबत आधीची `old.bak` असेल, तर आज्ञेचा अर्थ ‘`a.txt` चे नाव `old.bak` करा’ असा होतो आणि जुनी प्रत कोणतीही सूचना न देता पुसली जाते. `ren` मात्र त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर नकार देते. एका प्रणालीवर निरुपद्रवी असलेली पद्धत दुसरीवर नेली की माहिती नष्ट करू शकते ती अशी. म्हणूनच ‘कोणत्या संगणकावर?’ हा प्रश्न माझ्या मते औपचारिकतेचा नाही, तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

फाइलचा प्रकार आणि पायऱ्या नजरेआड होण्यामागे 1980 नंतरची चित्रमय पटलेही आहेत. 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलसोबत तिचा प्रकार आणि ती तयार करणारा प्रोग्रॅम यांचे चारचार अक्षरांचे संकेत वेगळे साठवले जात, त्यामुळे नावात प्रकार लिहिण्याची गरजच उरली नाही. विंडोज 95 पासून मायक्रोसॉफ्टने ओळखीच्या प्रकारांची नावाच्या शेवटी असलेली अक्षरे मुळातच न दाखवण्याची पद्धत ठेवली. `report.csv` आणि `report.xlsx` या दोन्ही फाइल्स तिथे नुसत्या `report` म्हणून दिसतात आणि दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये उघडतात. पहिली साधा मजकूर आहे आणि तिची पहिली ओळ कोणतीही स्क्रिप्ट सहज वाचू शकते; दुसरी 2007 च्या ऑफिसपासून रूढ झालेल्या स्वरूपातली, म्हणजे आतमध्ये अनेक एक्सएमएल फाइल्स असलेली झिप पेटी आहे, आणि तिच्यातला एक आकडा वाचायलाही वेगळी सोय लागते. ‘माझ्याकडे एक्सेलच्या फाइल्स आहेत’ असे म्हणणारा माणूस या दोहोंपैकी कशाविषयी बोलतो आहे, हे त्याला पडद्यावर कधी दिसलेलेच नसते.

पायऱ्यांचेही तेच झाले. माउसने केलेल्या कामाचा लिखित आज्ञांसारखा माग राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी कृती नोंदवून घेणारी साधने आली. विंडोज 3.0 सोबत रेकॉर्डर होता, आणि 1993 मध्ये एक्सेलमध्ये व्हीबीए ही प्रोग्रॅमिंगची भाषा आल्यावर नोंदवलेल्या कृतींची वाचता येण्यासारखी आज्ञावली तयार होऊ लागली. पण नोंदणी हाताची हालचाल टिपते, तिच्यामागचा विचार टिपत नाही. नोंदणीच्या दिवशी यादी सत्तावन्न ओळींची असेल, तर आज्ञावलीत `A1:A57` असे ठाम लिहिले जाते आणि पुढच्या महिन्यात वाढलेल्या ओळी गुपचूप बाहेर राहतात. वापरणाऱ्याच्या मनात ‘शेवटच्या ओळीपर्यंत’ असे असते. ते त्याने कुठेही म्हटलेले नसते.

आता सुरुवातीच्या विनंतीकडे वळू. फाइलची तारीख म्हणजे कोणती? विंडोजची एनटीएफएस पद्धत फाइल तयार झाल्याची वेळ आणि शेवटच्या बदलाची वेळ अशा दोन्ही साठवते, आणि फाइलची प्रत काढली की प्रतीची निर्मितीची वेळ प्रत काढल्या क्षणाची होते, बदलाची वेळ मात्र जुनीच राहते. त्यामुळे पेनड्राइव्हवरून आणलेल्या फाइल्स ‘तयार होण्याआधीच बदललेल्या’ दिसतात, आणि निर्मितीची वेळ वापरणारी स्क्रिप्ट सगळ्यांना एकच तारीख लावून मोकळी होते. पारंपरिक युनिक्समध्ये निर्मितीची वेळ साठवलीच जात नसे. तिथल्या तीन वेळांपैकी `ctime` ही पुष्कळांना तशी वाटते, पण ती फाइलच्या नोंदीत, उदाहरणार्थ परवानग्यांमध्ये, शेवटचा बदल केव्हा झाला ते सांगते. त्यातच तारीख फाइलच्या मजकुरात लिहिलेली असेल, तर या सगळ्या वेळांचा काहीच उपयोग नाही आणि फाइलचा प्रकार कळल्याशिवाय पाऊलही पुढे टाकता येत नाही.

समजा, लिनक्स आहे, फाइल्स सीएसव्ही आहेत आणि शेवटच्या बदलाची तारीख हवी आहे, एवढे कळले. मग काम इतके लहान आहे:

```
for f in *.csv; do
  d=$(date -r "$f" +%Y-%m-%d)
  echo mv -n -- "$f" "$d-$f"
done
```

`echo` मुळे नावे बदलत नाहीत, होणारे बदल फक्त छापले जातात. ते डोळ्यांखालून घातल्यावर तो शब्द काढायचा. `-n` असल्यामुळे त्याच नावाची दुसरी फाइल पुसली जात नाही. वर्ष आधी लिहिल्याने नावे कालक्रमाने लागतात, आणि तिरपी रेघ टाळली आहे कारण युनिक्स आणि विंडोज या दोन्हींवर ती फाइलच्या नावात चालत नाही. युनिक्सच्या बीएसडी या शाखेच्या वंशातल्या `date` मध्ये `-r` पुढे मुळात सेकंदांचा आकडा अपेक्षित असे, त्यामुळे जुन्या मॅकवर हीच ओळ फाइलचे नाव पाहून अडते.

विंडोजसाठी 2006 मध्ये आलेल्या पॉवरशेल या शेलमध्ये तेच काम असे होते:

```
(Get-ChildItem *.csv) | Rename-Item -NewName {
  $_.LastWriteTime.ToString('yyyy-MM-dd') + '-' + $_.Name
} -WhatIf
```

इथे `-WhatIf` हे `echo` चे काम करते. पहिल्या आज्ञेभोवतीचे कंस सहज गाळले जातात. ते नसतील तर जुन्या आवृत्त्यांमध्ये फाइल्स शोधणे आणि नावे बदलणे एकाच वेळी चालते, आणि नुकतेच नाव बदललेली फाइल पुन्हा सापडून तिच्यापुढे तारीख दोनदा लागू शकते. कंसांमुळे यादी आधी पूर्ण होते. बोर्न यांच्या शेलमध्ये ती तशीही आधीच पूर्ण झालेली असते. मात्र पुढच्या आठवड्यात तीच स्क्रिप्ट त्याच फोल्डरवर पुन्हा चालवली, तर जुन्या फाइल्सवर दुसरी तारीख दोन्हीकडे चढेल. नाव आधीच तारखेने सुरू होत असेल तर ती फाइल सोडून द्यायची, की झालेल्या फाइल्स दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायच्या, याचे उत्तर विचारणाऱ्याच्या हातच्या सवयीत असते आणि तेवढे त्यालाच सांगावे लागते.