पत्रिकेवरचा नकाशा: काय घ्यावे, काय सोडावे

लग्नाची पत्रिका छापायला देताना बरेच ग्राहक फोनवरच्या नकाशाचा फोटो पाठवतात आणि तोच मागच्या पानावर टाकायला सांगतात. आम्ही तो तसा छापत नाही. फोनवर बोटांनी मोठे करता येते, कागदावर येत नाही. तो फोटो ९ सेंटिमीटर रुंदीत बसवला की गावांची नावे मुंगीएवढी होतात आणि प्रत्येक गल्ली हमरस्त्याइतकीच ठळक दिसते. म्हणून नकाशा आम्ही नव्याने काढतो आणि त्यासाठी आपल्याकडून थोडी माहिती मागतो.

समजा, कार्य म्हार्दोळला आहे. सभागृह महामार्गापासून आत, एका वाटेवर आहे. पाहुणे पणजी, म्हापसा, मडगाव आणि बेळगावहून येणार. पहिला विचार मनात येतो तो सगळे रस्ते दाखवायचा. पण मडगावचे लोक बोरीच्या पुलावरून फोंड्याला येतात. मोलेच्या वाटेने येणारे बेळगावकरही फोंड्यालाच पोचतात. म्हापशाची मंडळी पणजीवरून येते. म्हणजे शेवटच्या टप्प्यात दिशा दोनच उरतात. तिथपर्यंतची वाट लोकांना ठाऊक असते, किंवा पाट्या पाहून सापडते. नकाशात त्यापुढचाच भाग हवा.

मग आम्ही एक जाड आडवी रेघ ओढतो. डाव्या टोकाला बाण आणि ‘पणजीकडे’, उजव्या टोकाला ‘फोंड्याकडे’. खरा रस्ता वळणावळणाचा आहे, पण ती वळणे गाडी चालवणाऱ्याला काही ठरवायला लावत नाहीत, म्हणून सरळ रेघ चालते. डावीकडून क्रमाने बाणस्तारीचा पूल, मंगेशी, म्हार्दोळचे महालसा मंदिर. उजवीकडून फर्मागुढी. सभागृहाकडे वळायची जागा महालसा मंदिराच्या जवळ असेल, तर तिथून बारीक रेघ निघते आणि शेवटी सभागृहाचा भरीव चौकोन येतो. शेजारी अंतर लिहितो, उदाहरणार्थ ‘मंदिरापासून ३०० मीटर’. अंतरे ओढूनताणून बसवलेली असल्यामुळे खाली ‘नकाशा प्रमाणात नाही’ ही ओळ टाकावीच लागते. बाणस्तारी ते मंगेशी हे अंतर आम्ही आखडतो आणि शेवटचे तीनशे मीटर ऐसपैस दाखवतो, कारण लोक चुकतात ते तिथेच.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती वळणाच्या बाजूची. पणजीहून येणाऱ्याला जे डावे वळण, तेच फोंड्याहून येणाऱ्याला उजवे. त्यामुळे ‘डावीकडे वळा’ असे शब्द आम्ही नकाशात लिहीत नाही. वाट रेघेच्या वर काढायची की खाली, एवढे मात्र अचूक हवे. आपण आम्हाला सांगताना ‘पणजीहून जाताना अमुक हाताला’ असेच सांगा. रस्त्याला दुभाजक असेल आणि समोरून वळता येत नसेल, तर तेही कळवा.

खुणा निवडताना रात्रीचा विचार करा. रिसेप्शन संध्याकाळी असले की झाडामागची पाटी दिसत नाही. देऊळ, चर्च, तिठ्यावरचा क्रूस, पेट्रोल पंप, पूल या खुणा टिकतात आणि ओळखू येतात. दुकानाचे नाव सहा महिन्यांत बदलते. होर्डिंग तर कधीही उतरते. वळणाच्या आधीची एक खूण आणि वळण चुकून पुढे गेल्यावर दिसणारी एक खूण द्या. दुसरी खूण फार लोक देत नाहीत, पण आपण पुढे आलो हे पाहुण्याला तिच्यामुळेच कळते.

संपूर्ण नकाशात सात-आठ नावांपेक्षा जास्त नकोत. अक्षर ८ पॉइंटपेक्षा लहान करू नये, असा आमचा आग्रह आहे. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे एकमेकांना खेटून असतात. ६ पॉइंटला ‘म्हार्दोळ’वरचा रफार शाईत बुजतो. सोनेरी फॉइलमध्ये तर बारीक जागा आणखी लवकर भरतात, म्हणून पत्रिका सोनेरी असली तरी नकाशा गडद साध्या शाईत घ्या. नावे आडवीच लिहावीत, रस्त्याच्या कलाने तिरपी नकोत. जागा पुरेना झाली, तर अक्षर लहान करण्याऐवजी एक खूण काढून टाका.

क्यूआर कोड हवा असल्यास तो नकाशाच्या बाजूला, किमान २ सेंटिमीटरचा आणि भोवती कोरी जागा सोडून छापतो. छापण्यापूर्वी तो स्वतः स्कॅन करून पाहा. कोडमधून उघडणाऱ्या फोनवरच्या नकाशातली खूण सभागृहाच्या मागच्या दारावर पडलेली असते, असेही घडते.

छपाईआधी आम्ही खऱ्या आकाराचा कागदी नमुना देतो. तो त्या वाटेने कधी न गेलेल्या माणसाच्या हाती द्या आणि दोन्ही बाजूंनी कसे यायचे ते तोंडी सांगायला लावा. तो जिथे अडखळेल तिथे पेनाने गोल करून नमुना परत पाठवा.